शिल्लक वेळेचा हिशेब

बुद्धिबळात आपली पाळी आली की सोळा मोहऱ्यांपैकी एकच हलतो. हत्तीला पुढे काढलं तर घोडा, उंट, वजीर सगळे जागच्या जागी राहतात आणि लगेच समोरच्याची पाळी येते. पांढऱ्याला पहिली चाल मिळते, तिचा त्याला थोडा फायदा होतो, पण तो एका चालीएवढाच असतो. आता अशी कल्पना करा की पट तसाच चौकोनी घरांचा आहे, मात्र आपल्या पाळीत आपले सगळेच मोहरे एकामागून एक हलू शकतात, आणि प्रत्येक जण चालू शकतो, वळू शकतो, गोळी झाडू शकतो, दार उघडू शकतो. संगणकावरच्या टॅक्टिकल गेममध्ये नेमकं हेच असतं. चार-सहा सैनिकांची तुकडी, घराघरांचं मैदान आणि समोर तशीच एक तुकडी.

असा खेळ रचणाऱ्याला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. एका पाळीत एका सैनिकाने किती काम करायचं, ही पहिली. त्यासाठी बहुतेक गेममध्ये सैनिकाला काही अ‍ॅक्शन पॉइंट्स दिलेले असतात आणि प्रत्येक कामाची किंमत ठरलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे कोणाची पाळी कधी यायची. नियमपुस्तिकेत या दोन्हींची प्रकरणं वेगळी असतात, म्हणून खेळणाऱ्यालाही त्या वेगळ्या वाटतात. माझ्या मते त्यांना जोडणारा एक प्रश्न आहे आणि चांगल्या गेमची ओळख त्याच्या उत्तरावरून पटते: सैनिकाने आपली सगळी वेळ खर्च केली नाही, तर उरलेल्या वेळेचं काय होतं?

त्याकडे वळण्याआधी पाळीच्या क्रमाने किती फरक पडतो ते आकड्यांत पाहू. दोन्ही बाजूंना चार-चार सैनिक आहेत. प्रत्येक जण एका पाळीत एक गोळी झाडतो, ती हमखास लागते आणि दोन गोळ्या लागल्या की सैनिक पडतो. आधी एका बाजूचे सगळे खेळतात, मग दुसऱ्या बाजूचे सगळे. पहिल्या बाजूचे चौघे चार गोळ्या झाडतात आणि समोरचे दोघे पडतात. आता समोर दोघेच उरले. ते दोन गोळ्या झाडतात, आपला एक पडतो. आपले तिघे तीन गोळ्या झाडतात, त्यांचा एक पडतो आणि दुसरा जखमी होतो. तो जखमी एक गोळी झाडतो, आपला एक जखमी होतो आणि पुढच्या फेरीत तोही संपतो. सारख्या ताकदीच्या दोन तुकड्या लढल्या, आणि केवळ आधी खेळल्यामुळे एका बाजूचे तीन सैनिक जिवंत राहिले, तर दुसरी बाजू संपूर्ण गारद झाली.

तेच सैनिक, त्याच गोळ्या, फक्त क्रम बदलू. आता आपला एक, त्यांचा एक, पुन्हा आपला एक, असे आळीपाळीने खेळायचं. दोन्ही बाजू शहाण्यासारख्या खेळल्या, म्हणजे ज्याची पाळी अजून यायची आहे त्यालाच आधी टिपत गेल्या, तर पहिल्या फेरीनंतर तीन विरुद्ध तीन उरतात, दुसरीनंतर दोन विरुद्ध दोन, तिसरीनंतर एकास एक. शेवटी पहिलाच जिंकतो, पण त्याच्याकडे एकच सैनिक उरलेला असतो आणि तोही जखमी. दोन धडधाकट आणि एक जखमी अशी तीन माणसं, आणि एकच जखमी माणूस, यांतला फरक केवळ पाळीच्या क्रमाने पडला.

पहिला प्रकार रचायला सोपा आणि खेळायलाही सुटसुटीत असतो. आपली संपूर्ण तुकडी एकत्र हलवता येते, योजना आखता येते. म्हणूनच तो अनेक गेममध्ये आहे. पण त्यात आधी हल्ला करणाऱ्याला मिळणारी ही प्रचंड आघाडी कुठेतरी रोखावी लागते. ती रोखण्याचा मला सर्वांत सुंदर वाटणारा उपाय १९९४ सालच्या एका गेममध्ये आहे, आणि तो उपाय शिल्लक वेळेवरच उभा आहे.

हा गेम ज्युलियन आणि निक गोलॉप या ब्रिटिश भावांचा. युरोपात त्याचं नाव होतं ‘यूएफओ: एनिमी अननोन’, अमेरिकेत ‘एक्स-कॉम: यूएफओ डिफेन्स’. परग्रहावरून आलेल्या यानांचा पाठलाग करायचा, ती उतरली किंवा पाडली की तिथे आपली तुकडी पाठवायची आणि शेतात, पेट्रोल पंपावर, गोदामात दबा धरून बसलेले परग्रहवासी हुडकायचे. यातल्या अ‍ॅक्शन पॉइंट्सना ‘टाइम युनिट्स’ म्हटलं आहे. मी त्यांना एकक म्हणतो. नव्या सैनिकाकडे साधारण पन्नास ते साठ एककं असतात आणि आपल्या बाजूची पाळी सुरू झाली की ती पुन्हा पूर्ण भरतात.

किमती बारकाईने ठरवलेल्या आहेत. मोकळ्या जमिनीवर एक घर सरळ चाललं की ४ एककं जातात, तिरकं चाललं की ६. हा सहाचा आकडा उगाच आलेला नाही. चौकोनाचा कर्ण बाजूच्या सुमारे १.४१ पट असतो, म्हणजे चारच्या हिशेबाने पावणेसहाच्या आसपास, आणि तो पूर्णांकात सहा होतो. तिरक्या पावलाची किंमत सरळ पावलाएवढीच ठेवली असती तर तिरका धावणारा सैनिक तेवढ्याच वेळेत चाळीस टक्के जास्त अंतर कापून गेला असता आणि खेळणाऱ्यांनी सगळी चढाई कोपऱ्यांतूनच केली असती. तिरकं चालायला मनाईच केली असती तर उलट अडचण आली असती, कारण कोपऱ्यातला शत्रू दिसायला जवळ आणि पोहोचायला फार लांब झाला असता. घरांच्या मैदानाचा हा मूळचा दोष आहे. तो पूर्णपणे जात नाही, पण चार आणि सहा या जोडीने जाणवेनासा होतो.

उभ्या जागी एक अष्टमांश वळायला १ एकक लागतं, गुडघ्यावर बसायला ४ आणि उठायला ८. गोळीची किंमत मात्र निराळ्या पद्धतीने लावली आहे. ती ठरावीक एककांत नसून सैनिकाच्या एकूण एककांच्या टक्क्यांत आहे. साध्या रायफलने झटपट गोळी झाडायला २५ टक्के लागतात, नीट नेम धरून झाडायला ८० टक्के. हातबॉम्बची वेळ लावायला ५० टक्के आणि फेकायला २५ टक्के.

या टक्क्यांमागे मोठा विचार आहे. सैनिक लढाया खेळत जातो तशी त्याची एककं वाढतात. छप्पन्न एककांचा शिकाऊ पुढे ऐंशी एककांचा मुरलेला गडी होतो. गोळीची किंमत ठरावीक चौदा एककं असती तर शिकाऊ एका पाळीत चार गोळ्या झाडणार आणि मुरलेला पाच. सोबत अचूकताही वाढलेली, म्हणजे ताकद दोन्हीकडून गुणली गेली असती. टक्क्यांमुळे दोघंही चारच झटपट गोळ्या झाडतात. मुरलेला गडी तेवढ्याच वेळेत चौदाऐवजी वीस घरं चालून जातो, पण बंदुकीचा वेग बंदुकीचाच राहतो. अनुभवाने पाय चपळ होतात, यंत्र नाही.

आता एक पाळी प्रत्यक्ष खेळून पाहू. आपल्या सैनिकाकडे ५६ एककं आहेत, हातात रायफल आहे. त्याला भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं आहे. सहा घरं सरळ म्हणजे २४, दोन घरं तिरकी म्हणजे १२, मिळून ३६. कोपऱ्यावर पोहोचून काटकोनात वळायला २, गुडघ्यावर बसायला ४. एकूण ४२ खर्च झाले, १४ उरले, आणि ५६ चे २५ टक्के म्हणजे बरोबर १४. एक झटपट गोळी झाडण्याइतकी वेळ हाताशी राहिली. पडद्यावर यासाठी बटणंही आहेत. ‘झटपट गोळीपुरती वेळ राखून ठेव’ असं सांगितलं की त्या मर्यादेखाली सैनिक चालतच नाही.

ही राखून ठेवलेली वेळ कशासाठी? शत्रूच्या पाळीसाठी. या गेममध्ये पाळी समोरच्याची असली तरी आपले सैनिक डोळे मिटून उभे राहत नाहीत. शत्रू त्यांच्या नजरेसमोर हलला आणि त्यांच्याकडे वेळ शिल्लक असली तर ते त्याची पाळी मध्येच तोडून गोळी झाडतात. हेच शत्रूही आपल्या पाळीत करतो. कोणी कोणाची पाळी तोडायची हे ठरवण्याचा नियम छोटासा आहे. प्रत्येक सैनिकाचा चपळाईचा एक गुण असतो. हाताशी असलेली एककं भागिले एकूण एककं, हा अपूर्णांक त्या गुणाने गुणायचा. हलणाऱ्याचा आकडा पाहणाऱ्याच्या आकड्याहून कमी झाला की पाहणारा गोळी झाडतो, अर्थात तेवढी एककं त्याच्याकडे असतील तर.

आपल्या सैनिकाची चपळाई ५० धरू. समोर झाडीत एक परग्रहवासी आहे, त्याची चपळाई ६०, पण आपल्या पाळीत तो बराच फिरलेला आहे, त्याच्याकडे निम्मीच वेळ उरली आहे. म्हणजे त्याचा आकडा ३०. आपला सैनिक निघतो तेव्हा त्याची सगळी वेळ शिल्लक आहे, आकडा ५०. दर पावलाला चार एककं कमी होतात. पाच घरं चालून झाल्यावर ३६ एककं उरतात आणि आकडा होतो सुमारे ३२. अजून तो शत्रूहून वर आहे. सहावं पाऊल टाकलं की ३२ एककं, आकडा साडेअठ्ठावीस. इथे झाडीतून गोळी येते.

हा गेम नव्याने खेळणाऱ्याला हे फार अन्यायाचं वाटतं. पाच घरं उघड्यावरून चालताना कोणी काही केलं नाही आणि भिंत दोन पावलांवर आली तेव्हा गोळी लागली, म्हणजे नशीबच वाईट. पण इथे नशिबाचा प्रश्न फक्त नेम लागण्यापुरता आहे. गोळी कधी सुटणार हे आकड्यांनी ठरवलेलं आहे. आपले सैनिक पाळीच्या सुरुवातीला सुखरूप असतात आणि चालण्याच्या शेवटी शेवटी पडतात, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर कारण हेच समजावं. उघड्यावरची पावलं आधी टाकायची आणि वळणं, बसणं, हत्यार बदलणं ही कामं आडोशाला पोहोचल्यावर करायची, हा त्यावरचा पहिला उपाय. सर्वांत चपळ सैनिकाला पुढे ठेवायचं, हा दुसरा.

गोळी झाडल्यावर काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. त्या परग्रहवासीच्या बंदुकीला एका गोळीसाठी ३० टक्के वेळ लागते असं धरू. पन्नासातले तीस गेले, वीस टक्के उरले. त्याचा आकडा आता १२ झाला आणि दुसऱ्या गोळीपुरती वेळही राहिली नाही. आपला सैनिक वाचला असेल तर पुढची दोन पावलं त्याच्यासमोरून बिनधास्त टाकू शकतो. पाळी तोडण्याची ताकदसुद्धा वापरली की संपते.

आता उलट बाजूने बघा, कारण बहुतेकांची गफलत इथे होते. आपण मघाशी मोठ्या काटेकोरपणे १४ एककं राखून ठेवली. शत्रूची पाळी सुरू झाली, त्याची एककं पूर्ण भरली, त्याचा आकडा ६०. आपल्या सैनिकाचा आकडा ५० गुणिले १४ भागिले ५६, म्हणजे साडेबारा. शत्रूने आपली जवळपास ऐंशी टक्के वेळ खर्च करेपर्यंत आपला सैनिक गप्प राहणार. तेवढ्यात शत्रू कोपऱ्यावरून येईल, समोर उभा राहील आणि गोळीही झाडेल. राखून ठेवलेली १४ एककं गोळीची किंमत भागवतात, पण ती गोळी वेळेत सुटण्याची हमी देत नाहीत. बटणावर लिहिलेलं खरं आहे, त्यावरून आपण काढलेला अर्थ चुकीचा असतो.

त्याच जागी पाळीभर अजिबात न हललेला सैनिक असता तर? त्याचा आकडा पुरा ५०. शत्रूने आपल्या वेळेचा जेमतेम सहावा हिस्सा खर्च केला की तो ५० च्या खाली येतो आणि आपली गोळी सुटते. म्हणजे पहारा देण्याचं खरं काम स्थिर उभ्या माणसाचंच आहे. यातून तुकडी चालवण्याची एक रीत आपोआप निघते. निम्म्यांनी चालायचं, निम्म्यांनी एक पाऊलही न टाकता बंदूक रोखून उभं राहायचं, आणि पुढच्या पाळीत भूमिका बदलायच्या. गेममध्ये ही रीत कुठे शिकवलेली नाही. ती गुणाकाराच्या एका ओळीतून उगवते, आणि मला या रचनेतलं हे सर्वांत मोठं यश वाटतं.

याच नियमातून या गेमची एक कुप्रसिद्ध जागा समजते. आपलं विमान उतरतं, मागचा उतार उघडतो आणि पहिला सैनिक पाय ठेवतो न ठेवतो तोच कोसळतो. लढाईच्या पहिल्या पाळीत शत्रूने अजून काहीच केलेलं नसतं, त्यामुळे त्याची सगळी वेळ शिल्लक असते आणि आकडा पूर्ण असतो. जुने खेळाडू म्हणूनच पहिल्या पाळीत विमानातून बाहेर न पडता पाळी संपवतात. शत्रू आपल्या पाळीत इकडेतिकडे फिरतात, त्यांची वेळ खर्च होते आणि दुसऱ्या पाळीत उतारावरून बाहेर येणं थोडं सुरक्षित होतं. आधी खेळण्याचा फायदा मघाच्या चारास चारच्या हिशेबात एवढा अवाढव्य होता. इथे आधी खेळणं हाच धोका झाला.

या पद्धतीची किंमतही आहे आणि ती खेळणारा चुकवतो. दहा-बारा सैनिक, प्रत्येकाची वेगळी एककं, प्रत्येक पावलाची बेरीज-वजाबाकी. एका लढाईत तास सहज जातो आणि त्यातला बराचसा आकडेमोडीत. १८ वर्षांनी, २०१२ मध्ये, फिरॅक्सिस या अमेरिकन कंपनीने जेक सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ या नावाने हा गेम नव्याने केला, तेव्हा टाइम युनिट्स संपूर्ण काढून टाकली. तिथे प्रत्येक सैनिकाला एका पाळीत दोन कामं मिळतात. एकदा चालायचं आणि एकदा काही करायचं, किंवा दोन्ही कामं खर्चून लांब धावायचं. एका कामात कुठवर पोहोचता येईल तो प्रदेश निळ्या रेषेने दाखवलेला असतो, दोन कामांचा पिवळ्या रेषेने. वजाबाकी डोळ्यांनीच होते.

पण दोनच कामं म्हटल्यावर एक नियम जास्त कडक करावा लागला: गोळी झाडली की त्या सैनिकाची पाळी संपते, त्याचं दुसरं काम शिल्लक असलं तरी. याचं कारण जुन्या गेममध्ये सापडतं. तिथे छप्पन्न एककांचा सैनिक आडोशातून एक घर बाहेर यायचा, चार एककं; गोळी झाडायचा, चौदा; पुन्हा आत जायचा, चार. बावीस एककांत काम झालं आणि हे एका पाळीत दोनदा करूनही बारा उरली. शत्रूची पाळी आली तेव्हा समोर कोणीच नाही. जुन्या गेममध्ये पाळी तोडण्याच्या नियमाने या चलाखीला आळा बसायचा. नव्या गेममध्ये तो नियम नाही, त्यामुळे गोळी झाडणाऱ्याला तिथेच उघडं ठेवणं भाग होतं. काही अनुभवी सैनिकांना नंतर या नियमातून सवलत मिळते आणि ती सवलत इतकी मोलाची ठरते, यावरूनच मूळ नियमाचं वजन कळतं.

मग शिल्लक वेळेचं काय? नव्या गेममध्ये ती आपोआप उरत नाही, मुद्दाम विकत घ्यावी लागते. उरलेलं काम देऊन ‘ओव्हरवॉच’ निवडायचं, म्हणजे सैनिक पहाऱ्यावर बसतो. शत्रूच्या पाळीत जो पहिला शत्रू त्याच्यासमोर हलेल त्याच्यावर तो एक गोळी झाडतो. चपळाईची तुलना नाही, अपूर्णांक नाही. मात्र त्या गोळीची अचूकता नेहमीच्या सुमारे सत्तर टक्केच असते. नव्या सैनिकाचा नेम मुळात ६५, तो पहाऱ्यावर पंचेचाळीसपर्यंत उतरतो, आणि शत्रू आडोशाला असला तर आणखी.

सोपेपणाबरोबर एक नवी खोड आली. परग्रहवासी या गेममध्ये टोळीटोळीने उभे असतात आणि आपल्या नजरेस पडेपर्यंत लढायला येत नाहीत. नजरेस पडले की आपली पाळी चालू असतानाच त्यांना फुकटात एक धाव मिळते आणि ते आडोशाला पळतात. आपल्या शेवटच्या सैनिकाने शेवटचं काम धावण्यात घालवलं आणि तिथे नवी टोळी जागी झाली, तर आपल्याकडे काहीच उरलेलं नसतं. त्यांची आडोशाची धाव झाली आणि लगेच त्यांची पूर्ण पाळी सुरू. हे टाळण्याचा मार्ग म्हणजे नवा प्रदेश नेहमी पहिल्या सैनिकाच्या पहिल्या कामात उघडायचा, म्हणजे काही निघालंच तर बाकी सगळ्यांची कामं हाताशी असतात. इथवर ठीक आहे. पण खेळणाऱ्यांनी यातून पुढची पायरी गाठली: प्रत्येकाने दरवेळी चार पावलं जायचं आणि पहाऱ्यावर बसायचं, पुन्हा चार पावलं, पुन्हा पहारा. हे सुरक्षित होतं आणि अतिशय कंटाळवाणंही. आपल्याच खेळात हे शिरलंय का हे ओळखायचं असेल तर सलग पाळ्या पाहाव्यात. प्रत्येक सैनिकाचं दुसरं काम प्रत्येक वेळी ओव्हरवॉचच असेल तर तो लढत नाही, रांगतो आहे.

रचनाकारांनाही ते दिसलं होतं. २०१३ च्या विस्तारात त्यांनी मैदानावर मौल्यवान डबे ठेवले, जे ठरावीक पाळ्यांत गाठले नाहीत तर नष्ट होतात. २०१६ च्या ‘एक्सकॉम २’ मध्ये अनेक मोहिमांना थेट पाळ्यांची मुदत घातली. या मुदतीवर पुष्कळ खेळाडू नाराज झाले आणि मला त्यांची नाराजी समजते, पण मुदतीची गरज कुठून आली हेही दिसतं. पहाऱ्याची किंमत फक्त वेळेत मोजली जात होती आणि वेळ अमर्याद होती. अमर्याद गोष्टीची किंमत शून्य, म्हणून वेळच मर्यादित करावी लागली.

शिल्लक वेळेचं तिसरं उत्तर जपानमधलं आहे, आणि त्यात दोन बाजूंच्या पाळ्या ही कल्पनाच नाही. १९९७ मध्ये स्क्वेअर कंपनीने काढलेल्या, यासुमी मात्सुनो यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ या गेममध्ये प्रत्येक योद्ध्याचं स्वतःचं घड्याळ असतं. मैदानावर एक अदृश्य ठोका पडत राहतो. दर ठोक्याला प्रत्येकाच्या खात्यात त्याच्या वेगाएवढे अंक जमा होतात. शंभर किंवा त्याहून जास्त झाले की त्याची पाळी.

वेग ८ असलेला योद्धा आणि वेग ६ असलेला योद्धा घेऊ. आठवाल्याचे तेराव्या ठोक्याला १०४ होतात, त्याची पाळी येते. तो चालला आणि हल्लाही केला तर खात्यातून शंभर वजा होतात, ४ उरतात. पुढची पाळी पंचविसाव्या ठोक्याला, मग अडतिसाव्या, मग पन्नासाव्या. सहावाल्याची पाळी सतराव्या, चौतिसाव्या आणि पन्नासाव्या ठोक्याला. पन्नास ठोक्यांत एकाच्या चार पाळ्या, दुसऱ्याच्या तीन, म्हणजे बरोबर आठास सहा. वेगातला दोन अंकांचा फरक दिसायला किरकोळ आहे, पण त्याने चालणं, हल्ला, औषध, सगळ्याच कामांत तिसरा हिस्सा वाढवून दिला. म्हणून या गेममध्ये वेग वाढवणारी प्रत्येक गोष्ट इतर कुठल्याही गुणापेक्षा महाग समजावी. ताकद वाढली तर फक्त घाव मोठा होतो, वेग वाढला तर सगळंच जास्त वेळा होतं.

आणि शिल्लक वेळ? योद्ध्याने चालणं किंवा हल्ला यांपैकी एकच काम केलं तर शंभराऐवजी ८० वजा होतात. काहीच केलं नाही तर ६०. फक्त पाळीनंतर खात्यात ६० पेक्षा जास्त राहू शकत नाहीत. आपल्या आठवाल्याने तेराव्या ठोक्याला नुसती वाट पाहिली तर १०४ मधले ४४ उरतात आणि त्याची पुढची पाळी पंचविसाव्याऐवजी विसाव्या ठोक्याला येते. इथे उरलेली वेळ शत्रूची पाळी तोडत नाही, ती आपली पुढची पाळी अलीकडे ओढते. शत्रू एक घर लांब असेल तर त्याच्यापर्यंत धावून थांबण्यापेक्षा आहे तिथे थांबून तो जवळ आल्यावर लवकर वार करणं कित्येकदा फायद्याचं ठरतं.

या घड्याळात मंत्रांनाही स्वतःची वाट पाहावी लागते. मांत्रिकाने मंत्र म्हटला की तो लगेच लागू होत नाही. साधा आगीचा मंत्र चार ठोके घेतो, सर्वांत जड मंत्र दहाच्या घरात. तेवढ्या ठोक्यांत लक्ष्याची पाळी आली तर ते तिथून निघून जाईल. म्हणून मंत्र म्हणण्याआधी पाळ्यांची यादी उघडून पाहायची असते: मंत्र लागू होण्याआधी त्या योद्ध्याचं नाव येतंय का? येत नसेल तर मंत्र त्या घरावर टाकला तरी चालतो. येत असेल तर घरावर टाकलेला मंत्र रिकाम्या जमिनीवर फुटेल. तो योद्ध्यावरच बांधला तर तो जाईल तिथे मंत्र त्याच्यामागे जातो, पण या मंत्राचा फटका आजूबाजूच्या घरांनाही बसतो, आणि तो योद्धा नेमका आपल्या माणसांच्या घोळक्यात येऊन उभा राहू शकतो. अशा वेळी मांत्रिकाने हलका मंत्र निवडावा, किंवा ज्याची पाळी नुकतीच होऊन गेली आहे आणि ज्याचं खातं जवळपास रिकामं आहे असा दुसरा शत्रू शोधावा. त्याला पुन्हा शंभर जमवायला बारा-पंधरा ठोके लागणार असतात, आणि तेवढ्यात दहा ठोक्यांचा जड मंत्रसुद्धा त्याच्यावर निश्चित उतरतो.